निरोपाचे भाषण कागदावरून जिभेवर आणताना

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षकांच्या सेवापूर्तीचे कार्यक्रम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दाटीने येतात, आणि त्याच्या आधीच्या पंधरवड्यात कोणाच्या तरी घरी, भाच्याच्या किंवा तरुण सहकाऱ्याच्या हातात फुलस्केपचे चार-पाच कागद देऊन "एवढं जरा व्यवस्थित करून दे" असे सांगितले जाते. हे काम ज्याच्याकडे पहिल्यांदाच आले आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः बरीच वर्षे मराठी शिकवले आणि अशी अनेक भाषणे दुरुस्त केली. त्यांपैकी शिरोळ तालुक्यातील एका प्राथमिक शाळेतल्या बाईंचे भाषण येथे उदाहरणासाठी घेतो. त्यांच्या परवानगीने, पण नाव न देता.

मसुदा हातात आला की प्रथम लाल पेन बाजूला ठेवावे. ज्यांना बोलायचे आहे त्यांनाच तो मोठ्याने वाचायला सांगावे आणि आपण दुसऱ्या प्रतीवर पेन्सिलीने केवळ तीन खुणा कराव्यात: जिथे श्वास वाक्याच्या मध्येच तुटला तिथे एक उभी रेघ, जिथे शब्द अडखळला तिथे त्याभोवती गोल, आणि जिथे वाचणाऱ्याने कागदावरून नजर उचलून आपल्याकडे पाहून दोन वाक्ये स्वतःच्या भाषेत सांगितली तिथे समासात फुली. या तिसऱ्या खुणेला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण कागद सोडून सांगितलेली ती दोन वाक्येच बहुधा खरे भाषण असतात, आणि ती तिथल्या तिथे जशीच्या तशी लिहून घ्यावी लागतात. नंतर विचारले, तर पुन्हा लेखी मराठीच ऐकायला मिळते.

वाचन चालू असताना घड्याळही लावावे. सभेत सगळ्यांना समजेल अशा संथ गतीने मराठी वाचताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशे दहा शब्द होतात. बाईंचा मसुदा जवळजवळ चौदाशे शब्दांचा होता, म्हणजे तेरा-चौदा मिनिटांचा. सत्कारमूर्तीची पाळी येते तेव्हा प्रास्ताविक, स्वागत, शाल-श्रीफळ आणि सात-आठ जणांची मनोगते होऊन गेलेली असतात, मांडवात ऊन तापलेले असते आणि पुढे बसलेली पहिली-दुसरीची मुले चुळबुळ करू लागलेली असतात. म्हणून आठशे शब्दांच्या आसपास थांबावे. बाईंच्या कागदातून प्रथम गेले ते प्रशिक्षणांचे आणि उपक्रमांचे तपशील, कारण ते प्रास्ताविक करणारे सांगणारच होते.

लांब वाक्य कसे सोडवायचे

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि नामाचे वर्णन करणारे सगळे शब्द त्या नामाच्या आधी येतात. वाचताना याची अडचण होत नाही, कारण डोळा मागे जाऊ शकतो. कान मागे जात नाही. ऐकणारा नाम कधी येते आणि क्रियापद कधी येते याची वाट पाहत बसतो, आणि ते येईपर्यंत वाक्याची सुरुवात त्याच्या हातून निसटलेली असते. बाईंच्या मसुद्यातले हे वाक्य पाहा:

"सन 2019 साली ऑगस्ट महिन्यामध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांना आलेल्या महापुरामुळे शाळेमध्ये शिरलेल्या पाण्याने भिजून खराब झालेली वर्गातील पुस्तके, तक्ते व हजेरीपत्रके पालक व विद्यार्थ्यांच्या सहकार्याने वाळविण्याचे काम माझ्याकडून करण्यात आले, ही बाब मी कधीही विसरू शकत नाही."

व्याकरणदृष्ट्या या वाक्यात मोठी चूक नाही. 'सन' आणि 'साली' ही द्विरुक्ती सोडली, तर अहवालात ते चालूनही जाईल. पण बाईंनी ते वाचले तेव्हा श्वास तीनदा तुटला. सोडवण्याची रीत अशी की वाक्यातली 'लेल्या', 'लेली' अशा शेवटांची विशेषणे शोधायची आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा क्रियापद करायचे. 'आलेल्या महापुरामुळे' याचे 'महापूर आला', 'शिरलेल्या पाण्याने' याचे 'पाणी शिरलं', 'खराब झालेली पुस्तके' याचे 'पुस्तकं भिजली'. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने वाक्ये लागतात, आणि ऐकणाऱ्याला काहीही धरून ठेवावे लागत नाही.

त्यानंतर 'माझ्याकडून करण्यात आले' याकडे वळावे. शाळेच्या अभिलेखांत आयुष्य गेलेल्या माणसाच्या लेखणीतून ही रचना आपोआप उतरते, कारण अहवालात कर्ता लपवायची रीत असते. निरोपाच्या भाषणात मात्र कोणी काय केले हेच ऐकायला लोक बसलेले असतात. म्हणून 'उपक्रम राबविण्यात आले', 'वृक्षारोपण करण्यात आले' अशी प्रत्येक जागा शोधून तिथे कर्ता परत आणावा. 'सदर', 'ही बाब', 'च्या माध्यमातून' हे शब्दही त्याच दप्तरातून आलेले असतात आणि ते काढल्यावर वाक्यातले काहीही कमी होत नाही.

या वाक्यापाशी बाईंनी कागदावरून नजर उचलली होती आणि म्हणाल्या होत्या, "पानं अशी चिकटलेली की, विणायच्या सुईनं एकेक सोडवत बसलो." समासात फुली पडली आणि वाक्य टिपले गेले. शेवटी भाषणात उतरले ते असे:

"दोन हजार एकोणीसचा ऑगस्ट. महापूर आला आणि पाणी आपल्या शाळेत शिरलं. पुस्तकं भिजली, तक्ते भिजले, हजेरीपत्रकंसुद्धा भिजली. पाणी ओसरलं, तसे तुम्ही सगळे आलात. पालक आले, मुलं आली. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली होती. विणायच्या सुईनं आपण ती एकेक करून सोडवली आणि उन्हात ठेवली. ते दिवस मी विसरलेले नाही."

नद्यांची नावे गेली. ज्यांच्या घरात पाणी शिरले होते त्यांना ती सांगावी लागत नाहीत. 'सहकार्य' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी माणसे आली. सुई मात्र आपण कल्पनेने घातलेली नाही, हे नवख्याने नीट लक्षात घ्यावे: भाषण रंगवण्यासाठी आपल्या मनची एकही गोष्ट घालू नये, कारण समोर त्या प्रसंगाचे साक्षीदार बसलेले असतात. तपशील हवा असेल तर विचारावे.

सगळीच वाक्ये अशी तोडू नयेत. सगळी छोटी झाली की भाषण तारेतल्या मजकुरासारखे तुटक वाटते. 'जेव्हा-तेव्हा', 'जो-तो', 'जसं-तसं' अशा जोड्यांचे वाक्य लांब असले तरी कानाला जड जात नाही, कारण 'जेव्हा' ऐकताच पुढे 'तेव्हा' येणार हे ऐकणाऱ्याला माहीत असते.

'केलो' की 'केलं', 'आलो' की 'आले'

आमच्या भागात काम करणाऱ्याला इथे थांबावे लागते. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलते: मी धडा शिकवला, मी कविता शिकवली, मी गाणं शिकवलं. कोल्हापूरकडच्या बोलीत ते कर्त्याप्रमाणे चालते आणि माणूस 'मी धडा शिकवलो', 'मी काम केलो' असे सहज म्हणतो. बाईंच्या कागदावर अशी चार रूपे होती. बोलीत ती चूक नाही. पण बाकीचे भाषण प्रमाण भाषेत असताना मध्येच आलेले 'केलो' ऐकणाऱ्याला उगाच थांबवते. म्हणून ती चारही बदलली.

बदलताना उलट बाजूची चूक होऊ शकते. शिकणे, विसरणे, बोलणे, जेवणे यांसारखी काही क्रियापदे कर्म असतानाही प्रमाण मराठीत कर्त्याप्रमाणेच चालतात. 'मी तुमच्याकडून पुष्कळ शिकले', 'मी एकाही मुलाचं नाव विसरले नाही' हीच रूपे योग्य. दुरुस्तीच्या भरात तिथे 'शिकलं', 'विसरलं' केले, तर होते ते बिघडते. शंका आली तर 'मी'च्या जागी 'त्यांनी' घालून पाहावे. 'त्यांनी धडा शिकवला' बसते, म्हणून ते रूप कर्माप्रमाणे. 'त्यांनी नाव विसरलं' कानाला खटकते, तिथे 'त्या नाव विसरल्या' असेच म्हणावे लागते, म्हणून ते कर्त्याप्रमाणे.

दुसरी गोष्ट लिंगाची. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका घरात, गल्लीत 'मी आलो', 'मी जातो' असे म्हणतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. बाईंच्या मसुद्यात पहिल्या पानावर 'मी रुजू झाले' होते आणि तिसऱ्या पानावर, लिहिण्याची भीड चेपल्यावर, 'मी रडलो' होते. भाषणाच्या निवेदनात एकच रूप ठरवावे, आणि ते 'झाले', 'आले', 'रडले' असावे. मात्र त्या स्वतःचे त्या वेळचे बोलणे जसेच्या तसे सांगत असतील, तर अवतरणातली बोली हात न लावता ठेवावी. "चला रे, मी पण येतो तुमच्याबरोबर" हे त्यांनी मुलांना म्हटलेले वाक्य मी तसेच ठेवले. काही वर्षांपूर्वी एका गुरुजींच्या भाषणातली अशी सगळी वाक्ये मी प्रमाण भाषेत करून दिली होती. कार्यक्रमानंतर त्यांचा एक जुना विद्यार्थी मला म्हणाला, "भाषण चांगलं झालं, पण गुरुजी बोलतायत असं वाटलं नाही." तेव्हापासून अवतरणचिन्हांच्या आत मी काहीही दुरुस्त करत नाही.

तिसरी गोष्ट लेखनाची. मसुद्यात 'केले, असे, मुले, पुस्तके' लिहिलेले असेल, तर माणूस ते तसेच, ए-कार लांबवून वाचतो, आणि भाषणाला बातमीपत्राचा सूर येतो. शुद्धलेखनाच्या नियमांत बोलण्यातली रूपे शीर्षबिंदू देऊन लिहायला मुभा आहे, म्हणून वाचायच्या प्रतीवर 'केलं, असं, मुलं, पुस्तकं' लिहावे. पुल्लिंगी अनेकवचनाला आणि बाईंच्या स्वतःच्या 'आले', 'झाले'ला मात्र टिंब द्यायचे नाही: तक्ते भिजले, मी आले. संगणकावर एकगठ्ठा बदल केला तर हीच रूपे बिघडतात, त्यामुळे हा बदल एकेक शब्द पाहून हातानेच करावा लागतो.

'आपण' म्हणजे कोण

मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की आत येतो. 'आम्ही शाळेभोवती झाडं लावली' याचा अर्थ शिक्षकांनी लावली. खड्डे खणायला आलेला पालक समोर बसला असेल, तर त्याला ते लागते. म्हणून मसुद्यातल्या प्रत्येक 'आम्ही'पाशी विचारावे: यात समोरची माणसे होती का?

अडचण अशी की 'आपण' हेच आदरार्थी 'तुम्ही'ही आहे, आणि सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालत असल्याने त्यावरूनही उलगडा होत नाही. 'आपण दोन वर्गखोल्या बांधल्या' यात बांधणारे कोण? गावकरी, की गावकरी आणि शिक्षक मिळून? बाईंच्या मसुद्यात एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थांनी 'आपण' आले होते. आम्ही ठरवले ते असे: समोरच्यांना सरळ 'तुम्ही' म्हणायचे, आणि 'आपण' फक्त सगळ्यांसाठी राखायचे. 'वर्गखोल्यांसाठी तुम्ही वर्गणी काढलीत. त्या आपण सगळ्यांनी मिळून रंगवल्या.' 'काढलीत'मधला 'त' इथे महत्त्वाचा आहे, कारण तो लागला की वाक्य समोरच्याला उद्देशून आहे हे लगेच कळते. गटशिक्षणाधिकारी किंवा सरपंच यांच्याशी दोन वाक्ये थेट बोलायची असतील, तर तेवढ्यापुरते 'साहेब, आपण' ठेवायला हरकत नाही. संबोधन आधी आल्यामुळे घोटाळा होत नाही.

आभारांच्या परिच्छेदात हिंदीतून आलेल्या रचना हमखास सापडतात. 'माझी मदत केली' नव्हे, 'मला मदत केली'. 'धन्यवाद करते' नव्हे, 'आभार मानते'. 'कृतज्ञतापूर्वक ऋणनिर्देश' या शब्दांभोवती माझ्या पेन्सिलीचा गोल पडला होता. तिथे बाईंनी स्वतःच सुचवले, "तुमचे उपकार आहेत माझ्यावर, एवढंच म्हणू का?" तेच ठेवले.

काळ आणि तारीख

महाराष्ट्रातले शिक्षक वयाच्या 58व्या वर्षी निवृत्त होतात, आणि ज्यांचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा आहे ते आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतात. दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख असलेले शिक्षक पुष्कळ आहेत, त्यामुळे 31 मे हा अनेकांचा शेवटचा दिवस. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, म्हणून कार्यक्रम एप्रिलमध्येच उरकतात. मसुद्यात मात्र 'आज मी सेवानिवृत्त झाले आहे' असेच लिहिलेले असते. बाईंच्या भाषणात आम्ही ते असे केले: "एकतीस मेला माझी नोकरी संपते. तेव्हा मुलं सुट्टीवर असतील, म्हणून आजच बोलते." या दोन वाक्यांमुळे पुढची सगळी क्रियापदे सरळ झाली: झालेल्या गोष्टी भूतकाळात, आणि मे महिन्यापर्यंत चालू राहणाऱ्या गोष्टी वर्तमानकाळात.

वाचायची प्रत

संक्षेप सगळे पूर्ण लिहावेत. 'कै.' दिसले की माणूस घाईत 'कै' एवढेच वाचून जातो. तिथे 'कैलासवासी' लिहावे. 'इ. 4 थी' ऐवजी 'चौथीचा वर्ग'. सालेही अक्षरांत लिहावीत, कारण 1991 पाहून 'एकोणीसशे एक्क्याण्णव' म्हणायला मनाला क्षणभर लागतो आणि ध्वनिक्षेपकासमोर तो क्षण मोठा होतो. अक्षर मोठे, कागदाच्या एकाच बाजूला, पानावर क्रमांक, आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ द्यायचे नाही.

व्यासपीठावरील नावांचा कागद वेगळा ठेवावा आणि तो कार्यक्रमाच्या दिवशीच सूत्रसंचालकाकडून खरा करून घ्यावा. ऐनवेळी येणारे पाहुणे बदलतात, आणि एखादे नाव राहिले तर त्याची चर्चा भाषणापेक्षा जास्त दिवस चालते. माझे मत असे की सत्कारमूर्तीने अध्यक्षांचे एकच नाव घ्यावे आणि 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर' म्हणून पुढे जावे.

गळा कुठे दाटतो हे पहिल्या वाचनातच कळलेले असते. बाईंचा दाटत होता तो त्यांना रुजू होताना हाताशी धरून शिकवणाऱ्या, आता हयात नसलेल्या मुख्याध्यापकांच्या उल्लेखापाशी. अशा जागी वाक्ये चार-पाच शब्दांची करावीत, म्हणजे आवाज तुटला तरी वाक्य तुटत नाही. आणि तो उल्लेख शेवटी न ठेवता मध्यावर आणावा, म्हणजे सावरायला पुढे मजकूर राहतो. ही जागा घरी दहा-बारा वेळा मोठ्याने वाचून घ्यावी.

शेवटाकडे क्षमेचे वाक्य असतेच. 'माझ्याकडून कळत-नकळत कोणाची मने दुखावली गेली असल्यास क्षमस्व' हे वाक्य पाठ केल्यासारखे ऐकू येते. त्याचे झाले: "माझं बोलणं कुणाला लागलं असेल, तर मला माफ करा." मसुद्यातले अगदी शेवटचे वाक्य होते, 'आता मी जाते.' आपल्याकडे निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, म्हणून तिथे 'येते' केले. बाईंनी ते वाचून पाहिले, थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या की चौतीस वर्षे शाळा सुटताना वर्गाच्या दारात उभ्या राहून त्या पोरांना 'येतो रे' असेच म्हणत आल्या आहेत. भाषणात इतरत्र ठरवलेला नियम मी तिथे लावला नाही. मोठ्यांसाठी 'येते मी' ठेवले, आणि त्याखाली एक ओळ सोडून, पुढे बसलेल्या मुलांकडे पाहून म्हणायचे म्हणून, अवतरणात लिहिले: "येतो रे."